निळ्या पट्ट्यातले मास्तर

ऑफिसात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई. पूर्वी ती लग्नांचे व्हिडिओ कापायची. वधूच्या मामांचं लांबलचक भाषण मामांना पत्ता लागू न देता निम्म्यावर आणायचं, ही तिची ख्याती. मामा व्हिडिओ बघून म्हणत, “काय बोललो मी त्या दिवशी!” अशा हातात जादू असलेल्या बाईला ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या कंपनीने उचललं नसतं तरच नवल. आता ती शिवणकाम, केक, हिशेब, नळदुरुस्ती, जे येईल त्याचे धडे कापते.

पण इथे कुठे कापायचं ते तिने ठरवायचं नसतं. ते हीटमॅप ठरवतो.

प्रत्येक धड्याच्या खाली एक लांब रंगीत पट्टा येतो. धड्याचा कुठला क्षण किती वेळा बघितला गेला, ते त्यात दिसतं. एकदाच सरळ बघून पुढे गेले तर पिवळा. मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघितला तर नारिंगी, मग लाल. ओलांडून पुढे गेले तर निळा. बस, एवढंच. पोरंसोरंही वाचतील असा पट्टा, पण त्याचा अर्थ लावायला बसलं की भल्याभल्यांची मती गुंग होते. कारण लोकांनी काय केलं ते पट्टा सांगतो, का केलं ते त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. लाल म्हणजे आवडलं की कळलं नाही? निळा म्हणजे कंटाळले की त्यांना आधीच येत होतं? कात्रीने हा प्रश्न एकदा साहेबांना विचारला होता. साहेबांना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘डेटाशेठ’ म्हणतात, कारण त्यांची वाक्यं ‘डेटा म्हणतो’ अशीच सुरू होतात. डेटाशेठ म्हणाले, “लाल ठेवायचं, निळं कापायचं. डोकं लावायचं नाही.” तिने लावलं नाही. नोकरीत डोकं लावायचं नाही हे एकदा ठरलं की माणूस सुखी होतो, आणि कात्री चांगली दोन वर्षं सुखी होती.

मग घरगुती वायरिंगचा कोर्स आला आणि तिच्या सुखात तिचे सासरे येऊन बसले.

सासरे म्हणजे मास्तर. तंत्रशाळेत तीस वर्षं वायरिंग शिकवून निवृत्त झालेले. घरात त्यांना बायकोसकट सगळे मास्तरच म्हणायचे, फक्त ती ‘बाबा’ म्हणायची. निवृत्तीनंतर त्यांनी वर्षभर घरातले सगळे प्लग उघडले आणि बंद केले. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चांगल्या पंख्याला हात घातला. सासूबाई म्हणाल्या, “अगं सूनबाई, तुमच्या तिकडे शिकवायला माणसं लागतात ना? यांना घेऊन जा. नाहीतर उद्या हे मला उघडतील.” कंपनीला वायरिंगचा माणूस हवाच होता. अशी मास्तरांची पुन्हा शाळा सुरू झाली. रोज इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. शूटिंग आठवडाभर चाललं आणि त्या आठवड्यात मास्तर घरी येऊन इतकं बोलले, इतकं बोलले, की सासूबाईंनी कानात कापूस घालण्याचं नाटक केलं. पण त्या खूश होत्या. नवरा गप्प बसण्यापेक्षा त्याने पिळलेलं बरं, असं त्यांचं मत होतं.

कोर्स विकला जाऊ लागला. तीन महिन्यांनी पट्टे पुरेसे भरले आणि डेटाशेठनी बैठक बोलावली.

भिंतीवरच्या पडद्यावर मास्तरांचे धडे एकाखाली एक लागले होते. कात्रीने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. जवळजवळ प्रत्येक धड्याची सुरुवात निळी. निळी म्हणजे गार निळी. सुरुवातीला मास्तर काय बोलतात ते तिला तोंडपाठ होतं. आधी टेस्टर एखाद्या चालू पॉइंटवर लावून टेस्टर स्वतः जिवंत आहे ना ते बघायचं, मग मेन स्विच पाडायचा, मग तोच टेस्टर कामाच्या पॉइंटवर लावून खात्री करायची, आणि मगच हात घालायचा. हे ते प्रत्येक धड्यात सांगतात, नव्याने, आणि मध्ये एखाद्या विद्यार्थ्याची गोष्ट टाकतात. मग चौथ्या धड्यात, तीन पिनांचं सॉकेट जोडतात तिथे, मधोमध एक लालभडक डाग होता.

“डेटा म्हणतो,” डेटाशेठ म्हणाले, “यांची प्रस्तावना कोणालाच नको आहे. हात मात्र हवेत. हा लाल भाग बघा, काय बघतायत लोक! यांचे हात वापरू. फक्त हात. बोलायला आपली निवेदिका. तीन मिनिटांचं काम पंधरा सेकंदांत करते ती.”

“आणि मेन बंद करायचं ते?” कात्रीने विचारलं.

“खाली एक ओळ लिहू. सावधगिरी बाळगा.” मग त्यांना आठवलं असावं. “तुमचे नातेवाईक आहेत ना? म्हणून तर तुम्हालाच विचारतोय. शुक्रवारपर्यंत सांगा, कोणते धडे पुन्हा घ्यायचे, कोणते आखडायचे. उगाच मला वाटायला नको की घरचे म्हणून वाचवले.”

झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. वाचवलं तर वशिला, कापलं तर घरात तोंड कसं दाखवायचं. दुपारभर ती पट्ट्याकडे बघत बसली आणि जितकं बघावं तितकं कमी कळू लागलं. निळा खरंच निळा आहे, की आपल्याला सासरे म्हणून जास्त निळा दिसतोय? की खरं तर तो कमीच दिसतोय? एकदा वाटलं, मास्तर लांबण लावतातच, जेवताना नाही का लावत. एकदा वाटलं, हे माणूस मरू नये म्हणून लावलेलं लांबण आहे. तिने कोऱ्या कागदावर ‘कापा’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर मास्तरांनी रोजचा प्रश्न विचारला, “काय म्हणतात विद्यार्थी? बघतात ना?”

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तिने सहज थाप मारली असती. पण मास्तरांसमोर थाप मारली की ते लगेच टेस्टर लावतात, असा तिचा अनुभव होता. तिने फोनवर चौथ्या धड्याचा पट्टा काढून दाखवला. रंगांचा अर्थ सांगितला.

मास्तरांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला. “म्हणजे हे निळं...”

“तिथून लोक पुढे जातात, बाबा.”

“मी बोलतो तिथून.”

तिने मान हलवली. सासूबाई आतून म्हणाल्या, “बघा, मला एकटीलाच नाही पुढे जावंसं वाटत!” एरवी यावर मास्तर फुरंगटले असते, उलट काही बोलले असते. आज त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, “बरं.”

त्या ‘बरं’ने घराचं पार बिनसलं. दुसऱ्या दिवशी मास्तर जेवताना बोलले नाहीत. मीठ पुढे करा, एवढंच. पंखा कुरकुरत होता तरी वर बघितलं नाही. सासूबाई कात्रीला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, “काय दाखवलंस गं तू त्यांना? मी थट्टेत म्हणत होते. आता काही बोलायला गेले तर अर्ध्यात थांबतात आणि विचारतात, लांबलं का? मी काय सांगू? लांबलं म्हटलं तर दुखावतात, नाही म्हटलं तर विश्वास नाही.” त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. कात्रीला स्वतःचा इतका राग आला की हातातली बशी तिने उगाच दोनदा धुतली.

गुरुवारी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी गेली. आता कापायचंच असेल तर निदान नीट बघून कापू, म्हणून तिने पट्टा मोठा करून पसरला. आणि तेव्हा तिला एक गोष्ट खटकली. निळ्याचा शेवट फार सरळ होता.

कंटाळलेली माणसं कशी पुढे जातात ते तिने शेकडो पट्ट्यांत बघितलं होतं. कोणी बोटाने थोडं सरकवतं, कोणी फार सरकवतं, चुकतं, मागे येतं. निळ्याची कड त्यामुळे विरलेल्या कापडासारखी असते. ही कड मात्र कात्रीने कापल्यासारखी होती. एका क्षणापर्यंत निळं, पुढच्या क्षणाला पिवळं. सगळे प्रेक्षक एकाच ठिकाणी उतरले होते, बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरावेत तसे. तिने तो क्षण काढून बघितला. मास्तर स्क्रूड्रायव्हर उचलतात तो क्षण. तो तिच्या ओळखीचा होता. तो तिनेच निवडला होता.

कोर्स चढवायच्या दिवशी डेटाशेठ म्हणाले होते, लोकांचा वेळ वाचवा. तेव्हा तिने धड्याच्या पानावर व्हिडिओच्या वरच एक ठळक बटण ठेवलं होतं: ‘थेट कृतीकडे’. दाबलं की मास्तर एकदम स्क्रूड्रायव्हर उचलतात. केकच्या कोर्सला असं बटण तिने ठेवलं नव्हतं, शिवणालाही नाही. फक्त मास्तरांना ठेवलं होतं. कारण ती प्रस्तावना तिने आठवडाभर घरी तीन-तीनदा ऐकली होती आणि तिला स्वतःला ती ओलांडायची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

तिने लगेच पट्टा वेगळा केला. बटण फक्त संगणकाच्या पानावर दिसायचं, मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये नाही. संगणकावर बघणारे बाजूला काढले आणि नुसते मोबाईलवाले ठेवले. निळं गेलं. सुरुवात पिवळी झाली, आणि विद्यार्थ्याच्या गोष्टीपाशी तर थोडी नारिंगी. मात्र अगदी सगळं छान होतं असंही नाही. दोन धड्यांत मास्तर कंपन्यांच्या जुन्या-नव्या वायरींबद्दल बोलतात तिथे मोबाईलवालेही इकडेतिकडे सरकले होते. तिथली कड विरलेली होती. तो खरा कंटाळा.

मग तो लाल डाग. तो दोन्हीकडे लालच होता. आता तिचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने भांडारातून एक सुटं सॉकेट आणि तीन वायरींचे तुकडे आणले आणि धडा बघून स्वतः जोडायला बसली. मास्तर पडद्यावर म्हणाले, “उजव्या हाताला फेज, डाव्या हाताला न्यूट्रल, वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंग.” तिने फेजची वायर उजवीकडे लावली. मास्तरांच्या हातात बघितलं, तर डावीकडे. मागे नेलं. पुन्हा ऐकलं: उजव्या हाताला. पुन्हा बघितलं: डावीकडे. पुन्हा मागे नेलं. सहाव्यांदा मागे नेताना तिला कळलं की या क्षणी तीच त्या पट्ट्याला लाल करते आहे.

लोकांना आवडलं नव्हतं. लोक अडकले होते. मास्तर बरोबरच सांगत होते, सॉकेट भिंतीवर लागल्यावर समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे फेज. पण वायर जोडतात मागून, कॅमेरा दाखवत होता सॉकेटची पाठ, आणि पाठीकडून उजवं ते डावं होतं. तीस वर्षं त्यांच्या डोक्यात ते आपोआप फिरत होतं. बघणाऱ्याच्या डोक्यात कोण फिरवणार? म्हणजे डेटाशेठ जे ठेवायला निघाले होते ते पुन्हा घ्यायला हवं होतं, आणि जे कापायला निघाले होते ते लोक कंटाळून नव्हे, बटणामुळे ओलांडत होते. डोकं न लावता दोन वर्षांत आपण आणखी काय काय कापलं असेल, असा विचार तिला शिवला. तो विचार तिने तिथेच सोडला, कारण त्याला तळ दिसेना.

शुक्रवारी तिने डेटाशेठना सगळं सांगितलं, बटणासकट. डेटाशेठनी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी लावले.

“म्हणजे लाल वाईट?”

“इथे वाईट. विद्यार्थ्याच्या गोष्टीपाशी नारिंगी आहे, ते चांगलं असावं.”

“असावं?”

“मला नक्की माहीत नाही, सर.”

“मग डेटा म्हणतो तरी काय?” हे त्यांनी इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं की तिला त्यांची दया आली. शेवटी त्यांनी बटण काढायला सांगितलं, कंटाळ्याचे दोन तुकडे आखडायला सांगितले, आणि चौथा धडा मास्तरांकडून पुन्हा घ्यायला सोमवार दिला. तोही नीट झाला नाही तर निवेदिका आणि नुसते हात, हे त्यांनी जाता जाता पुन्हा बजावलं.

तिने घरी सांगितलं. चूक माझी होती, बाबा, लोक तुमचं ऐकतात. मास्तरांनी ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले. तिला वाटलं होतं, ते हसतील. चोर पकडला गेला तरी गेलेली वस्तू परत मिळतेच असं नाही, हे तिला तेव्हा उमगलं.

सोमवारी मास्तर आले, इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. दिवे लागले, कॅमेरावाल्याने खूण केली, आणि मास्तर बोलले:

“टेस्टर तपासा. मेन बंद. परत तपासा. सॉकेट घ्या.”

आणि तिच्याकडे बघितलं.

“बाबा, तुम्ही नेहमी सांगता तसं सांगा ना.”

“लांबतं ते.” त्यांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. “आता ठीक होतं की? निळं नाही ना होणार?”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. प्रत्येक वाक्यानंतर मास्तर कॅमेऱ्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तीस वर्षं पोरांवर ओरडणारा, त्यांना हसवणारा, प्रसंगी छडीने टेबल वाजवणारा माणूस एका वाक्याला परवानगी मागत होता. तिला रडू आलं. चेहरा कसा ठेवावा तेच कळेना. हसावं तर त्यांना वाटणार लांबलं म्हणून हसते, गंभीर व्हावं तर वाटणार कंटाळली. कॅमेरावाला घड्याळाकडे बघू लागला. मास्तरांनी ते बघितलं आणि आणखी दोन शब्द कमी केले.

मग ती उठली. टेबलावरचं दुसरं सॉकेट घेतलं, खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्याच्या शेजारी, मास्तरांच्या बरोबर समोर बसली.

“बाबा, मला हे खरंच येत नाही. गुरुवारी बसले होते, उलटं जोडलं. मला शिकवा.”

“उलटं? फेज न्यूट्रलला?” मास्तरांचा आवाज एकदम वर्गातला झाला. “अगं, धडा बघूनसुद्धा?”

“बघूनच. तुम्ही म्हणता उजवीकडे आणि लावता डावीकडे.”

“मी?” ते सॉकेटकडे बघत राहिले. पालथं केलं, उताणं केलं. मग कपाळाला हात लावला. “हात्तिच्या! अगं, मी पाठ दाखवतोय. समोरून बोलतोय आणि पाठ दाखवतोय. वर्गात कोणी ना कोणी लगेच हात वर करायचं गं. सर, उलटं दिसतंय. मग मी फिरवून दाखवायचो. या खोलीत कोणी हातच वर करत नाही, मला कळणार कसं?”

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. कॅमेरावाल्याने तो बंद केला नव्हता आणि तिने त्याला डोळ्यांनी सांगितलं, नकोच करू. मास्तरांनी सॉकेटची पुढची बाजू तिच्याकडे केली, उजव्या भोकावर लाल रंगाचा ठिपका काढला, मग हळूहळू, तिच्या डोळ्यांसमोर, ते पालथं केलं. “आता बघ, ठिपका कुठे गेला? डावीकडे. तो गेला नाही, आपण फिरलो. उजवं-डावं विसर. मागे अक्षर कोरलेलं असतं, फेजला L, न्यूट्रलला N, ते वाच.” मग थांबले. “पण त्याआधी मेन पाडलास का? नाही ना पाडलास? माझा एक विद्यार्थी होता, फार हुशार...”

ती गोष्ट तिने दहादा ऐकली होती. ती पूर्ण ऐकली. मास्तर आता तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, पण परवानगीसाठी नाही, कळलं की नाही ते शोधायला.

“कळलं?” त्यांनी विचारलं.

तिने हात वर केला. “सर, परत सांगा.”

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत, जास्त खुलून. तिने वायर जोडली, सुटली, पुन्हा जोडली. या वेळी बरोबर बसली, आणि का बसली तेही कळलं.

“आता?” मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा हात वर केला.